सावद्याच्या शेडचा भाडेपट्टा: परिशिष्ट एका जागेचं, शेड दुसरी

जळगावातल्या एका केळी व्यापाऱ्याने रायपनिंग चेंबर असलेली शेड पाच वर्षांसाठी भाड्याने घ्यायचं ठरवलं. शेड सावद्याजवळ, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यालगत. सौदा तोंडी पक्का झाला होता. भाडं बंद-उघड्या जागेचा भेद न करता सरसकट चौरस फुटाला १२ रुपये, म्हणजे महिन्याला ५४ हजार, आणि डिपॉझिट सहा महिन्यांचं. श्रावणाच्या उपवासांआधी माल पिकवायला सुरुवात करायची, म्हणून घाई होती. रावेरच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणीचा दिवसही ठरला होता. त्याच्या आदल्या आठवड्यात मसुदा माझ्याकडे वाचायला आला.

मसुद्याची पहिली नऊ पानं ठीक होती. भाडं, वाढ, मुदत, नोटीस, दुरुस्ती कोणी करायची, हे सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं आणि त्यावर दोन्ही बाजूंनी चर्चाही झाली होती. शेवटच्या दोन पानांवर मात्र कोणी बोललंच नव्हतं. एका पानावर ‘परिशिष्ट अ’, म्हणजे मिळकतीचं वर्णन. दुसऱ्यावर ‘परिशिष्ट ब’, म्हणजे फिटिंग आणि यंत्रसामग्रीची यादी. व्यापारी भाऊ म्हणाले, “ते तर नेहमीचंच असतं ना? टायपिस्टने टाकलंय.”

खरी अडचण तिथेच होती. परिशिष्ट बहुधा जागेवर उभं राहून लिहिलेलं नसतं, कुठल्या तरी जुन्या कागदावरून उतरवलेलं असतं. त्यामुळे ते वाचताना मी आधी एकच गोष्ट शोधतो: ही ओळ कोणत्या कागदावरून आली आणि तो कागद कोणत्या वर्षाचा आहे. ते कळलं की विसंगती कुठे असेल याचा अंदाज निम्मा लागतो.

परिशिष्ट ‘अ’ ची सुरुवात अशी होती: “तुकडी जिल्हा जळगाव, पोट तुकडी तालुका रावेर पैकी मौजे… येथील गट नंबर… यांसी बिनशेती क्षेत्र ४० आर, त्यावरील ४१८ चौ.मी. शेडसह, यांसी चतुःसीमा येणेप्रमाणे.” त्यानंतर चार दिशा, आणि शेवटी “जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह”. या शेवटच्या ओळीने मला कागदाचं मूळ सांगितलं. शेड भाड्याने देताना कोणी जमिनीतला निधी-निक्षेप देत नाही. ही खरेदीखताची भाषा आहे. म्हणजे मालकांचं जुनं खरेदीखत पुढ्यात ठेवून टायपिस्टने जमिनीचं वर्णन जसंच्या तसं घेतलं होतं आणि शेडचा आकडा तेवढा मधे घातला होता. मालकांना, सगळे त्यांना नाना म्हणतात, फोन करून विचारलं तेव्हा त्यांनीही सांगितलं, “हो, वडिलांच्या नावचं खरेदीखत होतं, तेच दिलं होतं त्याला.”

वडिलांच्या नावचं खरेदीखत, आणि आज जमीन नानांच्या नावावर. मधे काहीतरी घडलेलं असणार. चालू सातबारा काढला. त्या गटाचे दोन पोटहिस्से झाले होते. पहिला २२ आर नानांच्या नावे, दुसरा १८ आर त्यांच्या धाकट्या भावाच्या नावे. फेरफार वाटणीचा होता. म्हणजे परिशिष्टानुसार नाना ४० आर जमीन भाड्याने देत होते, त्यांच्या नावावर होते २२ आर. त्यांचा हेतू वाईट नव्हता. कागद जुना होता.

जागेवर

आम्ही जागेवर गेलो ते परिशिष्टाची दोन पानं, ५० मीटरची टेप आणि सातबारा घेऊन. वाचायची पद्धत साधी ठेवली. एकाने एक ओळ मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने ती वस्तू किंवा हद्द बोटाने दाखवायची. दाखवता आली तर बरोबरची खूण, दाखवता आली पण वेगळी निघाली तर काय वेगळं ते शेजारी लिहायचं, दाखवताच आली नाही तर ओळीभोवती गोल. मनात वाचलं की डोळे पुढे पळतात. मोठ्याने वाचलं की प्रत्येक ओळीला थांबावं लागतं.

पहिली ओळ दिशांची. त्या पट्ट्यात दिशा ठरवायला होकायंत्र लागत नाही, सातपुडा उत्तरेला दिसतोच. डोंगराकडे तोंड करून उभे राहिलो आणि पाठीमागची हद्द वाचली: “दक्षिणेस: बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता.” मागे वळून पाहिलं. रस्ता होता खरा, पण शेडच्या कुंपणापासून बराच पुढे. मधे एक मोकळा पट्टा, त्यातून २० फूट रुंदीची मुरमाची वाट आणि तिच्या तोंडाशी लोखंडी गेट. पट्ट्याच्या पश्चिम कोपऱ्यात बोअरवेल आणि तिच्यावर पंपाची छोटी पत्र्याची खोली.

तो पट्टा म्हणजे धाकट्या भावाचा पोटहिस्सा. पूर्वी सगळा गट एकत्र होता तेव्हा दक्षिणेस रस्ता हे बरोबरच होतं. वाटणीनंतर नानांच्या हिश्श्याची दक्षिण हद्द म्हणजे धाकट्या भावाची जमीन. थोडक्यात, व्यापाऱ्याला भाड्याने मिळणाऱ्या जागेला स्वतःचा रस्ताच नव्हता. ज्या गेटातून गाड्या येणार आणि ज्या बोअरच्या पाण्यावर केळी धुतली जाणार, ती दोन्ही भाड्याने देणाऱ्याच्या मालकीची नव्हती.

नानांना हे माहीत नव्हतं असं नाही. “आप्पा माझा सख्खा भाऊ आहे, तो काय अडवणार आहे?” असं ते म्हणाले. मला त्यात खोटं काही वाटलं नाही. पण पाच वर्षांचा करार भावाभावांच्या जिव्हाळ्यावर चालत नाही. आप्पांनी उद्या तो पट्टा ढाब्यासाठी विकला तर नवा मालक कोणाचा भाऊ नसेल. वाटणीपत्र मागवून पाहिलं. त्यात नानांच्या हिश्श्यासाठी १२ फुटांचा वहिवाटीचा रस्ता होता. बारा फुटांतून साधा ट्रक जातो. ४० फुटी कंटेनर मुख्य रस्त्यावरून आत वळवायला तेवढी रुंदी पुरत नाही. बोअरचा वाटणीपत्रात उल्लेखच नव्हता. ती ज्याच्या जमिनीत, त्याची.

इथे एक कायदेशीर बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम २१ नुसार मिळकत ओळखता येईल इतपत वर्णन नसेल तर दस्त नोंदवून घेतला जात नाही. पण दुय्यम निबंधक ते वर्णन प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहायला येत नाहीत. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा लिहिलेली असली की दस्त नोंदला जातो. हाही दस्त बिनदिक्कत नोंदला गेला असता. आणि पुढे वाद झालाच, क्षेत्र एक सांगतंय आणि चतुःसीमा दुसरं, असं झालं, तर न्यायालयं साधारणपणे चतुःसीमेला जास्त वजन देतात. म्हणून चार दिशांच्या चार ओळी मी आकड्यांच्याही आधी तपासतो.

४,५०० चौरस फूट कुठून आले

परिशिष्टात शेड ४१८ चौ.मी. एका चौरस मीटरचे १०.७६४ चौरस फूट, म्हणजे ४,५०० चौरस फूट. भाडं याच आकड्यावर बेतलेलं होतं. टेप लावली. शेड बाहेरून ८० फूट लांब, ५० फूट रुंद, म्हणजे ४,००० चौरस फूट. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरही घरपट्टीसाठी हीच लांबी-रुंदी होती. मग ५०० फूट कुठले?

शेडच्या पुढे, पूर्ण ५० फूट रुंदीभर, १० फूट खोल ओटा आहे, गाडीच्या फाळक्याच्या उंचीचा. त्यावर पत्रा पुढे काढलेला. ५० गुणिले १० बरोबर ५००. ज्याने कोणी पूर्वी मोजलं होतं त्याने पत्र्याच्या कडेपासून मोजलं होतं. आणि ९ इंची विटांच्या भिंती वजा केल्या की आतली वापरायची जागा उरते ७८ फूट ६ इंच गुणिले ४८ फूट ६ इंच, म्हणजे सुमारे ३,८०७ चौरस फूट.

व्यापारी भाऊ लगेच म्हणाले, “म्हणजे ७०० फुटांचं जास्तीचं भाडं घेत होते.” मी त्यांना तसं बोलू नका म्हटलं. ओटा त्यांना लागणारच होता. क्रेट चढवण्या-उतरवण्याचं सगळं काम तिथेच होतं. आणि बाहेरून मोजलेल्या बांधीव क्षेत्रावर भाडं घेण्यात गैर काही नाही, दोघांना ते माहीत असलं म्हणजे झालं. माझी हरकत वेगळी होती. ओटा आणि बंद शेड एकाच आकड्यात मिसळलेले होते. पुढचा पत्रा सामासिक अंतरात आलेला होता, म्हणजे हद्दीपासून जी जागा मोकळी ठेवायला हवी तिच्यात. उद्या तो काढायची नोटीस आली तर भाडं किती कमी होणार, याला त्या एका आकड्यात उत्तर नव्हतं. तीन आकडे वेगवेगळे लिहिले की उत्तर आपोआप येतं: बंद शेड बाहेरून ४,०००, आतून ३,८०७, ओटा ५००.

यादीतली यंत्रं

परिशिष्ट ‘ब’ चं मूळ शोधायला थोडा वेळ लागला. त्यातली पहिली ओळ होती: “रायपनिंग चेंबर ४ नग, प्रत्येकी १० मे. टन क्षमता, कूलिंग युनिट, ह्युमिडिफायर, इथिलीन जनरेटर व एक्झॉस्टसह, चालू स्थितीत.” खाली: “वीज कनेक्शन थ्री फेज ४० एचपी.” अशी सुबक, सारख्या सारख्या नगांची यादी चालत्या शेडची सहसा नसते. वापरातल्या जागेत काही ना काही मोडलेलं, बदललेलं, वेगळ्या कंपनीचं असतंच. मी नानांना विचारलं, शेड बांधताना बँकेचं कर्ज घेतलं होतं का? हो म्हणाले. त्यासाठी केलेला प्रकल्प अहवाल कपाटातून काढला. परिशिष्टातली यादी त्यातलीच, शब्दाला शब्द जुळणारी.

म्हणजे परिशिष्ट ‘अ’ मध्ये वाटणीच्या आधीची जमीन होती आणि परिशिष्ट ‘ब’ मध्ये बांधायचा बेत होता ती शेड. आज उभी असलेली जागा दोन्हींत नव्हती.

प्रत्यक्षात चेंबर चारच होते. पफ पॅनलच्या भिंती, सरकते दरवाजे, सगळं जागेवर. पण चौथ्या चेंबरमध्ये रिकामे क्रेट भरून ठेवले होते. आत छताला पाहिलं तर पंख्याचं युनिट नव्हतं, पॅनलमधून पाइप बाहेर काढायचं भोक फोमने बुजवलेलं. बाहेरच्या भिंतीवर तीन स्टँडवर तीन युनिटं, आणि चौथ्या स्टँडसाठी सिमेंटमध्ये रोवलेले चार बोल्ट, गंजलेले, नट कधीच न लागलेले. ते युनिट काढून नेलेलं नव्हतं. ते बसवलंच गेलं नव्हतं.

कारण मीटरच्या पेटीजवळ सापडलं. महावितरणच्या बिलावर मंजूर भार होता २० किलोवॅट. एक एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट, तेव्हा २० किलोवॅट म्हणजे सुमारे २७ एचपी. प्रत्येक युनिटच्या पाटीवर कॉम्प्रेसर साडेसात एचपीचा. तीन युनिटं मिळून साडेबावीस, बोअरचा पंप ३, म्हणजे साडेपंचवीस. त्यावर दिवे आणि पंखे धरले की मंजूर भार जवळजवळ संपतो. चौथं युनिट लावलं तर ३३ एचपी, म्हणजे साडेचोवीस किलोवॅटच्या वर. ४० एचपीचं कनेक्शन प्रकल्प अहवालात होतं, खांबावरून आलं ते २० किलोवॅटचं. वीज बिल वाचताना तीन गोष्टी मीटरशी ताडायच्या: बिलावरचा मीटर क्रमांक आणि पेटीतल्या मीटरवरचा क्रमांक एकच आहे का, ग्राहक म्हणून नाव कोणाचं आहे आणि मंजूर भार किती. इथे क्रमांक जुळला, नाव नानांचंच होतं, भार जुळला नाही.

मग तिसरं युनिट. पहिली दोन एकाच कंपनीची, एकाच रंगाची, स्टँडही एकसारखे वेल्डिंग केलेले. तिसरं वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या वर्षाचं, स्टँड नट-बोल्टचा. नानांच्या फाइलमध्ये पहिल्या दोघांची बिलं होती, तिसऱ्याचं नव्हतं. विचारलं तेव्हा म्हणाले, “ते मागच्या भाडेकरूने लावलं होतं. जाताना डिपॉझिटमध्ये वळतं केलं.” कागद? “तोंडीच झालं.”

मला या यादीत सर्वांत जास्त काळजी वाटली ती याच युनिटची, कारण ते दिसत होतं, चालत होतं आणि यादीतल्या एका नगाशी जुळतही होतं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८(ह) प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, भाडेकरूने जमिनीला जोडलेल्या वस्तू तो ताबा आपल्याकडे असेपर्यंत काढून नेऊ शकतो, ताबा सोडल्यावर नाही. मागच्या भाडेकरूने ताबा सोडलेला आहे, म्हणून प्रश्न मिटला असं वाटू शकतं. पण बोल्ट सोडून उचलून नेता येणारं युनिट जमिनीला जोडलेली वस्तू आहे की नुसतं ठेवलेलं यंत्र, यावर वाद होऊ शकतो. जोडलेलं नाही असं ठरलं तर हे कलम लागतच नाही, आणि यंत्र ज्याने विकत घेतलं त्याचंच राहतं. श्रावणात चेंबर भरलेला असताना कोणी बिल दाखवत दारात उभं राहिलं तर नवा भाडेकरू काय करणार?

तिन्ही युनिटं चालवून पाहिली. केळी साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअसला पिकवतात. तिन्ही रिकामे चेंबर तिथपर्यंत उतरले, दुसऱ्याला वेळ जास्त लागला, त्याच्या दरवाजाचं रबर खालच्या बाजूला फाटलेलं होतं. हे मात्र समजून घ्यायला हवं की रिकाम्या चेंबरची चाचणी अर्धीच असते. पिकताना केळी स्वतः उष्णता सोडतात. दहा टन माल आत असताना युनिट कसं टिकतं हे माल भरल्याशिवाय कळत नाही. म्हणून यादीत ‘चालू स्थितीत’ लिहिण्याऐवजी काय पाहिलं तेवढंच लिहायचं: “रिकाम्या अवस्थेत १८ अंशांपर्यंत उतरले.”

इथिलीन जनरेटर चार नव्हते, एकच होता, चाकांवर फिरवायचा. ह्युमिडिफायर दोन. एक्झॉस्टची भोकं चारही चेंबरना, पंखे तिघांना.

उलटं वाचन

यादीवरून जागेकडे जाऊन झालं की मी जागेवरून यादीकडे येतो. म्हणजे शेडमध्ये भिंतीकडेने फिरायचं आणि जे दिसेल ते यादीत आहे का बघायचं. यात दोन गोष्टी निघाल्या. एक, ओट्यावरचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा यादीत नव्हता. नाना म्हणाले, वापरा. मग ज्याचा आहे त्याच्या नावाने तो यादीत लिहायचा, नाहीतर पाच वर्षांनी तो कोणाचा यावरून वाद. दोन, शेडच्या ईशान्य कोपऱ्यात १२ बाय १० ची कुलूपबंद खोली. तिची किल्ली नानांकडे. आत ठिबकच्या नळ्या आणि शेतीचं सामान. ही १२० चौरस फुटांची खोली मोजमापात धरलेली होती, तिचं भाडं लागणार होतं, आणि ती मिळणार नव्हती. यादी कितीही नीट वाचली तरी ही खोली सापडली नसती, कारण ती यादीत नव्हतीच.

परिशिष्टाला धार देणारं कलम

मसुद्याच्या सातव्या पानावर एक वाक्य होतं: “भाडेकरू यांनी सदर मिळकत समक्ष पाहून, परिशिष्ट ब मधील सर्व वस्तू चालू स्थितीत मिळाल्याची खात्री करून ताबा घेतलेला आहे.” असं वाक्य जवळजवळ प्रत्येक भाडेपट्ट्यात असतं. या वाक्याखाली सही केली की परिशिष्ट ही भाडेकरूची कबुली होते. कलम १०८(म) नुसार भाडेकरूने जागा जशी मिळाली तशी, नेहमीच्या वापराची झीज आणि टाळता न येणारी आपत्ती सोडून, परत करायची असते. मिळाली कशी होती याचा पुरावा म्हणजे हेच परिशिष्ट. चार युनिटं मिळाली असं लिहून दिलं की पाच वर्षांनी चार परत मागता येतात. “तीनच होती हो” हे तोंडी सांगणं तेव्हा फार उपयोगाचं नाही. लेखी कराराच्या मजकुराविरुद्ध तोंडी पुरावा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ प्रमाणेही, जुन्या कायद्यासारखाच, काही अपवाद सोडता चालत नाही.

भाडेकरू हे वाक्य काढून टाकायला सांगतात. मी ते ठेवतो. वाक्य बरोबर आहे, त्याला जोडलेली यादी खरी असायला हवी, इतकंच. खरी यादी असेल तर तेच वाक्य मुदत संपताना भाडेकरूचं रक्षण करतं.

काय बदललं

नोंदणीचा दिवस पुढे ढकलला. व्यापारी भाऊंना ते जड गेलं, पण पर्याय नव्हता. परिशिष्ट ‘अ’ पूर्ण नव्याने लिहिलं: पोटहिस्सा, २२ आर, चतुःसीमेत दक्षिणेस आप्पांचा पोटहिस्सा, आणि सोबत मोजमापांसह हाताने काढलेला नकाशा, सगळ्यांच्या सह्यांचा. कुलूपबंद खोली नकाशावर रेघा मारून वगळली.

आप्पा दस्तात ‘मान्यता देणार’ म्हणून आले. पाच वर्षं २० फूट रुंदीच्या वाटेने गाड्या जातील, आणि पट्टा विकला तरी खरेदीदाराला हे बंधन सांगूनच विकीन, एवढं त्यांनी लिहून दिलं. पाणी द्यायला त्यांनी नकार दिला. त्यांना स्वतःला त्या जागेवर काही करायचं होतं आणि रावेर-यावल पट्ट्यात भूजल इतकं खोल गेलंय की त्यांचा नकार मला समजण्यासारखा वाटला. नानांनी स्वतःच्या हिश्श्यात नवी बोअर घ्यायची आणि तिला पाणी लागेपर्यंत टँकरचा खर्च त्यांनी सोसायचा, असं ठरलं. बोअर कोरडी गेली तर काय, यावर दोघांचं एकमत होईना. शेवटी असं लिहिलं की ताब्यापासून सहा महिन्यांत पाण्याची कायम सोय झाली नाही तर भाडेकरू एक महिन्याच्या नोटिशीने, पूर्ण डिपॉझिट घेऊन बाहेर पडू शकतो.

परिशिष्ट ‘ब’ मधून ‘नग’ हा एकच रकाना काढून प्रत्येक वस्तूला एक ओळ दिली: कंपनी, पाटीवरचा क्रमांक, कुठे बसवलंय, मालक कोण, पाहिलं तेव्हाची स्थिती. चौथ्या चेंबरपुढे “कूलिंग युनिट नाही, एक्झॉस्ट पंखा नाही” असं स्पष्ट लिहिलं. दुसऱ्या चेंबरपुढे दरवाजाचं फाटलेलं रबर. तिसऱ्या युनिटसाठी नानांनी मागच्या भाडेकरूकडून, डिपॉझिटमधून वळती केलेली रक्कम आणि युनिटचा क्रमांक लिहिलेली पावती सही करून आणली. त्याने खळखळ न करता दिली. मंजूर भार बिलाप्रमाणे २० किलोवॅट लिहिला.

भाडं मात्र फुटांवर पुन्हा मोजलं नाही. तसं केलं असतं तर भिंतींची जाडी आणि ओट्याचा दर यावर आणखी आठवडा गेला असता. महिन्याला ५० हजार ठरलं. नानांनी वाढीव भार मंजूर करून घेऊन चौथं युनिट आणि त्याचा एक्झॉस्ट पंखा बसवला की पुढच्या महिन्यापासून ५४ हजार. ओट्यावरचा पत्रा काढावा लागला तर महिन्याला ६ हजार कमी, म्हणजे ५०० फुटांना ठरलेल्या १२ रुपयांच्या दरानेच.

हाच दस्त आधीच नोंदला गेला असता तर दोघांच्या सह्यांनी चूक दुरुस्ती दस्त करून तोही नोंदवावा लागला असता. एका बाजूने सहीला नकार दिला तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ खाली दुरुस्तीसाठी न्यायालयात जाता येतं, पण तिथे दोघांचीही चूक झाली होती किंवा फसवणूक झाली होती हे सिद्ध करावं लागतं. “मी परिशिष्ट वाचलं नव्हतं” हे कारण तिथे पुरत नाही. आणि आप्पांना तर अशा दुरुस्तीतूनही वाट द्यायला भाग पाडता आलं नसतं, कारण मूळ दस्तात ते पक्षकारच नव्हते.

ताब्याच्या दिवशी वेगळी ताबा पावती केली. तिच्यावर मीटरचं रीडिंग, किल्ल्यांची संख्या आणि परिशिष्ट ‘ब’ च्या प्रत्येक ओळीपुढे दोघांच्या आद्याक्षरी सह्या. चौथ्या युनिटची ओळ रिकामी ठेवली. युनिट बसेल त्या दिवशी त्याचा क्रमांक आणि तारीख त्याच ओळीत लिहून दोघांनी सही करायची, आणि वाढीव भाडं त्या तारखेच्या पुढच्या महिन्यापासून लागू.